गरम शाफ्ट आणि एचआर प्रमुखांची सही

कारखान्यात एखादी गोष्ट वारंवार बिघडायला लागली की बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, "मुलांना एकदा ट्रेनिंग द्यायला हवं." माना डोलावल्या जातात, मिनिट्समध्ये एक ओळ पडते आणि पुढच्या महिन्यात तीच ओळ पुन्हा वाचली जाते. या ओळीपासून प्रत्यक्ष कार्यशाळेपर्यंत पोचायचं तर मध्ये एक टेबल लागतं, एचआर प्रमुखांचं. तिथे बरेच प्रस्ताव अडतात. पैशांची चणचण हे त्याचं कारण सांगितलं जातं, पण खरं कारण बहुधा कागदावरच दिसतं: काय बिघडलंय, ते शिकवून सुटेल कशावरून आणि सुटलं हे कळणार कसं, या तिन्ही प्रश्नांना प्रस्तावात उत्तर नसतं.

उदाहरण म्हणून चाकणच्या पट्ट्यातला, वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम कारखाना डोळ्यांसमोर आणू. उदाहरण बेतलेलं आहे आणि त्यातले आकडे हिशेब उलगडून दाखवण्यापुरते आहेत, पण असे कारखाने भोसरीपासून वाळूजपर्यंत ठायीठायी सापडतील. इथे सीएनसी लेथवर ४० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट बनतो. ड्रॉइंगप्रमाणे त्याचा व्यास ४०.००० पासून ३९.९७५ मिलिमीटरपर्यंत चालतो, म्हणजे खेळायला मिळतात फक्त २५ मायक्रॉन. गेल्या तीन महिन्यांत १,०८० नग व्यासात नापास होऊन लाल पेटीत गेले. एका नगामागे माल आणि मशीनचा वेळ धरून २२० रुपयांचं नुकसान, म्हणजे महिन्याला ७९,२०० रुपये. क्वालिटी विभागाच्या उपव्यवस्थापकांनी एचआरला एका पानाचा मेल धाडला: 'ऑपरेटर व इन्स्पेक्टर यांच्यासाठी मोजमाप विषयावर दोन दिवसांची कार्यशाळा घ्यावी. अंदाजे खर्च ८० हजार.'

उत्तर एका ओळीत आलं. "नगांचं माप चुकतंय की मोजणं चुकतंय?"

एचआर प्रमुख बाईंना मायक्रोमीटर धरता येत नसेल, पण प्रश्न नेमका होता. प्रशिक्षणाच्या क्षेत्रात याची एक जुनी चाचणी आहे. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप या अमेरिकी जोडीने १९७० साली कामातल्या उणिवांचं निदान कसं करावं यावर एक पुस्तक लिहिलं. त्यातला गाभ्याचा प्रश्न असा: जीव वाचवायचा असेल तर हा माणूस हे काम बरोबर करू शकेल का? करू शकत असेल, तर त्याला ते येतं. मग ते होत नाही याचं कारण अवजारात, वेळेत, देखरेखीत किंवा पगाराच्या हिशेबात शोधायचं. वर्गात बसवून काही हाती लागणार नाही. करू शकत नसेल, तरच प्रशिक्षण.

उपव्यवस्थापक मग लाल पेटीकडे गेले. त्यांनी त्यातले ४० नग उचलले, स्टँडर्ड रूममध्ये नेऊन रात्रभर ठेवले आणि सकाळी नीट मोजले. या एका सकाळीने प्रस्तावाचा चेहरा बदलला. ४० पैकी ११ नग चांगलेच निघाले. ते मापात होते, तरी नापास ठरले होते. १७ नग खरोखर बारीक होते, पण त्यांच्या शिफ्टच्या नोंदवहीत मात्र माप बरोबर लिहिलेलं होतं. उरलेले १२ मात्र निव्वळ मशीनचे बळी होते: झिजलेलं इन्सर्ट, ढिली पकड.

त्या ११ नगांची गोष्ट मायक्रोमीटरच्या मागच्या टोकाला असलेल्या छोट्या रॅचेटपाशी सुरू होते. ते फिरवलं की ठरावीक दाबाला टकटक वाजतं आणि पुढे सरकत नाही. दाब सगळ्यांचा सारखा राहावा म्हणूनच ते दिलेलं असतं. घाईतला माणूस रॅचेट सोडून थेट मोठी मूठ आवळतो, दाब वाढतो आणि नग दोन-चार मायक्रॉन बारीक दिसतो. खालच्या हद्दीजवळचा चांगला नग अशाने नापास होतो. त्यात २५ ते ५० मिलिमीटरच्या मायक्रोमीटरला शून्य लावायला २५ मिलिमीटरचा सेटिंग रॉड लागतो. तो कपाटात कुलूपबंद असला, तर शून्य कालचंच राहतं.

सतरा नगांची गोष्ट जास्त रंजक आहे. स्टील तापलं की वाढतं, हे शाळेत सगळेच शिकतात. किती वाढतं हे मात्र थोड्यांना आठवतं. एक मीटर लांबीला एक अंश सेल्सिअसमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण मशीनवरून नुकताच उतरलेला ४० मिलिमीटरचा शाफ्ट २० अंशांनी जास्त गरम असेल, तर त्याचा व्यास सुमारे ९ मायक्रॉननी फुगलेला असतो. खेळायची जागाच २५ मायक्रॉनची. त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उष्णतेनेच खाल्ली. गरम असताना ३९.९८२ दाखवणारा नग थंड झाल्यावर ३९.९७३ होतो आणि सरळ लाल पेटीत जातो. ऑपरेटरने खोटी नोंद केलेली नसते. मोजलं तेव्हा माप तेवढंच होतं. मोजमापाच्या जगात सगळी मापं २० अंश सेल्सिअसला धरायची असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे, तो याचसाठी.

हे शिकवता येण्यासारखं आहे. जीव वाचवायचा असता तरी त्या ऑपरेटरला ते करता आलं नसतं, कारण त्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. उरलेल्या १२ नगांना मात्र कार्यशाळेने काही होणार नाही. तिथे इन्सर्ट बदलायची वेळ ठरवायला हवी. म्हणून सुधारित प्रस्तावात उपव्यवस्थापकांनी स्वतःच लिहिलं: व्यासाच्या रिजेक्शनपैकी ७० टक्के भाग प्रशिक्षणाच्या कक्षेत येतो, ३० टक्के येत नाही, आणि तो मेंटेनन्सकडे वेगळा पाठवला आहे. सेटिंग रॉडचं कुलूप काढायला तर कार्यशाळेचीही गरज नव्हती. ते त्याच दिवशी निघालं आणि तेही प्रस्तावात नमूद केलं. प्रशिक्षणाने काय साधणार नाही हे प्रस्ताव मांडणाराच सांगतो तेव्हा समोरच्याचा विश्वास बसतो. नाहीतर 'सगळ्यावर एकच काढा' देणाऱ्या वैदूसारखी त्याची गत होते.

आता उद्दिष्टं. बहुतेक प्रस्तावांत या शीर्षकाखाली एकच धाटणीची वाक्यं असतात: 'सहभागींना मोजमापाचे महत्त्व पटवून देणे', 'गुणवत्तेविषयी जागरूकता निर्माण करणे'. यात खोटं काही नाही, पण ती तपासता येत नाहीत. महत्त्व पटलं की नाही हे बघायचं कुठे? याच मेगर यांनी १९६२ मध्ये शिक्षणाची उद्दिष्टं कशी लिहावीत यावर एक छोटं पुस्तक काढलं होतं. त्यांचं म्हणणं, उद्दिष्टात तीन गोष्टी दिसायला हव्यात. शिकणारा नेमकं काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत करेल आणि किती बरोबर केलं की पास. साठ वर्षं उलटली तरी याहून सोयीची पट्टी कुणाला फारशी सापडलेली नाही.

त्या पट्टीने आपल्या कारखान्याचं पहिलं उद्दिष्ट असं झालं: 'सत्राच्या शेवटी प्रत्येक सहभागी, शॉपमधलाच डिजिटल मायक्रोमीटर वापरून, स्वतः शून्य लावून, दिलेल्या १० शाफ्टचा व्यास मोजेल, त्यांपैकी किमान ९ मापं स्टँडर्ड रूमच्या मापापासून ३ मायक्रॉनच्या आत असतील.' दुसरं उद्दिष्ट उष्णतेचं: 'गरम नग आणि थंड नग यांच्या मापातला फरक स्वतः मोजून दाखवेल आणि त्यावरून ऑफसेट बदलायचा की थांबायचं हे पाचपैकी चार प्रसंगांत बरोबर ठरवेल.' उद्दिष्टं एवढीच, दोन. व्हर्नियर, बोअर गेज, ड्रॉइंग वाचन, सांख्यिकी हे सगळं पहिल्या मसुद्यात होतं आणि बाईंनी नव्हे, उपव्यवस्थापकांनीच ते कापलं. आठ तासांत दहा विषय उरकणारी कार्यशाळा टाळ्या घेऊन जाते, पण मूठ आवळायची सवय तशीच राहते.

इथे एक गल्लत फार होते. उद्दिष्ट आणि निष्पत्ती या दोन रकान्यांत लोक तेच वाक्य थोडं फिरवून लिहितात. उद्दिष्ट संपतं ते सत्राच्या दारात: माणसाला आता हे येतं. निष्पत्ती शॉपवर, काही आठवड्यांनी दिसते: तो ते करतो आणि त्यामुळे काहीतरी बदलतं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये एका लेखमालेत प्रशिक्षणाचं मूल्यमापन चार पातळ्यांवर करायला सांगितलं: सहभागींना कसं वाटलं, ते काय शिकले, कामावर वागणं बदललं का आणि अखेरीस व्यवसायावर काय परिणाम झाला. आपल्याकडे पहिल्या पातळीचा फॉर्म, तोच हसऱ्या चेहऱ्यांवर टिचक्या मारायचा, इमानेइतबारे भरला जातो. चहा-समोसा बरा असला की गुणही बरे पडतात. तिसऱ्या पातळीपर्यंत जाणारा कागद विरळा.

वास्तविक एचआर प्रमुखांना हवा असतो तो हाच कागद. आयएसओ ९००१ या गुणवत्ता मानकाच्या ७.२ क्रमांकाच्या कलमात माणसांच्या क्षमतेविषयीची अपेक्षा आहे. क्षमता मिळवून देण्यासाठी जे काही केलं, ते परिणामकारक ठरलं का हे तपासा आणि त्याचा पुरावा जपा, असं ते सांगतं. वाहन उद्योगाचं आयएटीएफ १६९४९ याच पायावर उभं आहे. ऑडिटर येतो, प्रशिक्षणाच्या नोंदीतलं एक नाव उचलतो आणि विचारतो, "हा शिकला, पुढे काय झालं?" तेव्हा उत्तर क्वालिटीला नव्हे, एचआरला द्यावं लागतं. प्रस्तावातच पुराव्याची सोय लावून दिलेली असेल, तर सही करणाऱ्याचं एक ओझं कमी होतं.

म्हणून निष्पत्तीच्या परिच्छेदात उपव्यवस्थापकांनी दोनच गोष्टी मांडल्या. पहिली वागण्याची: कार्यशाळेनंतर तिसाव्या दिवशी लाइन सुपरवायझर न सांगता प्रत्येकाला एकदा मोजताना पाहील आणि चार खुणांची चिठ्ठी भरेल. शून्य लावलं का, नग पुसला का, रॅचेट वापरलं का, गरम नग बाजूला ठेवला का. दुसरी परिणामाची: नव्वद दिवसांत, प्रशिक्षणाच्या कक्षेतलं रिजेक्शन निम्म्यावर येईल. महिन्याला ३६० नगांपैकी कक्षेतले २५२, त्यांचे निम्मे १२६. गुणिले २२० रुपये, म्हणजे २७,७२० रुपये दरमहा. 'रिजेक्शन शून्यावर आणू' असं लिहायचा मोह होतो, पण एचआर प्रमुखांनी असे शून्य पुष्कळ पाहिलेले असतात.

वेळापत्रकाचा पहिला मसुदा अगदी साळसूद होता: गुरुवारी, साप्ताहिक सुटीच्या दिवशी, सकाळी नऊ ते पाच. उत्पादनाला धक्का नाही. बाईंनी तो तिथल्या तिथे परत केला. सुटीच्या दिवशी बोलावलं की बदली सुटी द्यावी लागते किंवा ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट. शिवाय बुधवारी रात्री बारापर्यंत दुसरी शिफ्ट केलेला माणूस गुरुवारी सकाळी नऊला मायक्रॉन मोजण्याच्या अवस्थेत नसतो. महिन्याचा शेवटचा आठवडा डिस्पॅचचा, तोही बाद. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात निम्मी शिफ्ट कोकणात.

दुसऱ्या मसुद्यात मग शिफ्टचीच रचना वापरली. पहिली शिफ्ट सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते बारा. चोवीस जणांच्या दोन तुकड्या, प्रत्येकीत आठ ऑपरेटर आणि चार इन्स्पेक्टर. पहिल्या शिफ्टची तुकडी सकाळी आठ ते बारा, दुसऱ्या शिफ्टची दुपारी चार ते आठ. दिवस मंगळवार, महिन्याच्या दहा ते वीस तारखेदरम्यानचा. पुढच्या मंगळवारी पुन्हा तसंच. प्रत्येकाचे एकूण आठच तास, पण दोन भागांत आणि आपापल्या शिफ्टमध्येच. ओव्हरटाइमचा प्रश्नच उरला नाही. मधल्या आठवड्यात प्रत्येकाने रोज एक नग मशीनवरून उतरल्या उतरल्या मोजायचा, वीस मिनिटांनी पुन्हा मोजायचा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहायचे. दुसऱ्या सत्राची सुरुवात या वह्यांनीच. स्वतःच्या हस्ताक्षरातला नऊ मायक्रॉनचा फरक पाहिल्यावर फळ्यावर फार काही लिहावं लागत नाही.

असे तुकडे पाडणं ही नवी टूम नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत १९४० साली 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाची सरकारी योजना सुरू झाली. अनुभवी कामगार सैन्यात गेलेले आणि नवख्यांना झटपट तयार करायचं होतं. तिथे सुपरवायझरांना शिकवण्याची कला शिकवली जायची ती दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत, लहान गटात, आणि प्रत्येकाने आपल्याच खात्यातलं एक काम सरावासाठी आणायचं. पुढे हीच पद्धत जपानी कारखान्यांत रुजली.

सत्रातले चार तास कसे जातील, हेही प्रस्तावाच्या जोडपत्रात आलं, पण मिनिटामिनिटाचा तक्ता टाळून. पहिल्या सत्रात सुरुवातीलाच, काहीही न शिकवता, दहा नग मोजायला द्यायचे आणि निकाल नावं न टाकता भिंतीवर लावायचा. एकाच नगाची बारा जणांची बारा मापं. हा अर्धा तास सगळ्यात महत्त्वाचा, कारण तीच आधीची पातळी आणि शेवटच्या चाचणीशी तुलना तिच्याशीच होणार. त्यानंतर पुसणं, शून्य, रॅचेट, धरण्याची पद्धत. बराचसा वेळ हातात अवजार. दुसऱ्या सत्रात उष्णता, ऑफसेटचे प्रसंग आणि शेवटी तीच दहा नगांची चाचणी, नग मात्र बदललेले. 'उष्णतेवर उपाय काय' हा प्रश्न वर्गात येणारच. दर तीन मिनिटांना नग उतरणाऱ्या मशीनवर वीस मिनिटं कोण थांबणार? म्हणून मशीनशेजारी कूलंटचा ट्रे ठेवून नग त्यात निववायचा, हा तोडगा आधीच ठरवून ट्रेही तयार ठेवावे लागतात. नाहीतर शिकलेला माणूस शॉपवर परततो आणि तिथे शिकलेलं करायला जागाच नसते. प्रशिक्षण वाया जाण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे.

सहभागींची यादी वरवर साधी दिसते, पण तिथे एक काटा निघाला. सोळा ऑपरेटरांपैकी सहा जण ठेकेदाराकडचे. त्यांना वगळलं तर मशीनवर त्याच चुका होत राहणार. घेतलं तर कंपनी ठेकेदाराच्या माणसांवर थेट देखरेख करते, म्हणजे ठेका नावापुरताच आहे, असा वाद उद्या उभा राहू शकतो, ही एचआरची रास्त धास्ती. तोडगा कागदाचा निघाला. ठेकेदाराच्या पत्राने सहा जणांना पाठवायचं, त्यांच्या वेळेचे पैसे ठेकेदाराच्या बिलातूनच जाणार आणि हजेरीचा कागदही त्याच्याच नावाचा. हे उपव्यवस्थापकांना सुचलं नसतं. बाईंना विचारलं म्हणून कळलं. प्रस्ताव पाठवण्याआधी दहा मिनिटं जाऊन बसण्याचा फायदा असा होतो.

आणि मग अंदाजपत्रक. पहिल्या मेलमध्ये 'अंदाजे ८० हजार' होते. कशाचे, ते नव्हतं.

बाहेरचा प्रशिक्षक घ्यायचा ठरला, कारण स्टँडर्ड रूमचे ज्येष्ठ निरीक्षक मोजण्यात पक्के असले तरी शिकवायला तयार नव्हते. प्रशिक्षकाचे तीन दिवस: एक दिवस शॉप पाहून नग आणि प्रसंग निवडायला, दोन दिवस सत्रांचे. दिवसाला १८,००० प्रमाणे ५४,०००. पुण्याहून येण्याजाण्याचे ४,५००. चोवीस जणांच्या छापील पुस्तिकांचे ३,६००, दोन सत्रांच्या चहा-नाश्त्याचे ३,१२०. बेरीज ६५,२२०, आणि वरखर्चाला थोडी जागा धरून ६८,५००. प्रशिक्षक जीएसटी नोंदणीकृत असेल, तर मानधनावर १८ टक्क्यांनी ९,७२० रुपये वेगळे लागतील. एरवी हा कर कंपनीला परत वळता करून घेता येतो, म्हणून तो खर्चात न मिसळता शेजारी दाखवला. लेखा विभागाला असंच आवडतं.

इथपर्यंतचा हिशेब बरेच जण करतात. पुढचा सहसा टाळला जातो, कारण तो आकडा फुगवतो. चोवीस माणसं आठ तास कामावर नसणार, म्हणजे १९२ तास. तासाला सरासरी १५० रुपये धरले, तर २८,८०० रुपयांचा पगार वर्गात जातो. मशीनचं काय? एका सत्राला आठ ऑपरेटर बाहेर येणार. चार मशीन सेटर आणि रिलीव्हर सांभाळतील, चार बंद राहतील. चार सत्रं, प्रत्येकी चार तास, चार मशीन: ६४ मशीन-तास. तासाला ५०० रुपये दराने ३२,०००. सगळं धरून कार्यशाळेची खरी किंमत १,२९,३०० रुपये, म्हणजे मूळ मेलमधल्या आकड्याच्या दीडपटीहून जास्त.

हा आकडा दडवावा असं वाटणं स्वाभाविक आहे, पण तो दडत नाही. सत्राच्या दिवशी चार मशीन बंद दिसली की प्रॉडक्शन प्रमुख आरडाओरडा करणार आणि ऐन वेळी सहा जणांना "आज नको, पुढच्या वेळी" म्हणून परत बोलावणार. कार्यशाळा अर्धवट होते ती इथे. ६४ मशीन-तास प्रस्तावात लिहिलेले असतील आणि खाली प्रॉडक्शन प्रमुखांची सही असेल, तर तो वेळ आधीच मोजून दिलेला असतो. एचआर प्रमुखांच्या सहीइतकीच ही दुसरी सही मोलाची. किंबहुना अनुभवी एचआर प्रमुख ती असल्याशिवाय पुढचं पान उलटतच नाहीत.

दरमहा २७,७२० रुपयांच्या बचतीने १,२९,३०० फिटायला साडेचार ते पावणेपाच महिने लागतात. फार चमकदार आकडा नव्हे. पण त्यामागचा प्रत्येक घटक मोजलेला आहे आणि कुणीही तो तपासू शकतो. सुधारणा निम्म्याऐवजी चौथा हिस्सा झाली, तर नऊ-साडेनऊ महिने लागतील, हेही एका ओळीत लिहिलेलं होतं. नवे मायक्रोमीटर घ्यायची इच्छा होती, पण ती खरेदी टूल रूमच्या नावावर वेगळी मांडली. प्रशिक्षणाच्या रकमेत अवजारं घुसवली की दोन्ही विभाग ती एकमेकांकडे ढकलतात.

पैसा कोणत्या खिशातून यायचा, हा वेळेचाही प्रश्न असतो. बहुतेक कारखान्यांत फेब्रुवारी-मार्चमध्ये विभागवार प्रशिक्षणाची गरज मागवतात, शॉपवर तिला टीएनआय म्हणतात, आणि त्यावरून एप्रिलपासूनचं कॅलेंडर बनतं. त्या कॅलेंडरमध्ये काही जागा आधीच अडलेल्या असतात: अग्निशमन, सुरक्षा, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालची जागृती सत्रं. ती टाळता येत नाहीत. मधल्याच महिन्यात आलेला प्रस्ताव उरलेल्या पैशावर जगतो. प्रशिक्षक कंपनीच्या पुरवठादार यादीत नसेल, तर नोंदणी, पॅन, बँकेचा तपशील, पीओ, यात तीन-चार आठवडे सहज जातात. मानधनातून टीडीएस कापला जाणार, हेही त्याला आधी सांगावं लागतं. तारीख ठरली आणि पीओ आला नाही म्हणून प्रशिक्षक फिरकला नाही, असं घडतं.

एवढं सगळं मिळून प्रस्ताव झाला दीड पानाचा, मागे तीन जोडपत्रं. पहिल्या परिच्छेदात लाल पेटी आणि ४० नगांची तपासणी. मग दोन उद्दिष्टं, दोन निष्पत्ती, दोन मंगळवार आणि एकूण रक्कम. प्रस्तावनेत गुणवत्तेच्या महतीवर एक ओळही नव्हती. तक्ते जोडपत्रात गेले. ज्याला खोलात जायचं तो जाईल, ज्याला सही करायची त्याचं काम दीड पानात भागेल.

बाईंनी तो मंजूर केला, पण निम्माच. पेन्सिलीने समासात लिहिलं होतं: 'पहिली तुकडी घ्या. दुसरी, पहिलीचे तीस दिवसांचे आकडे आल्यावर.' उपव्यवस्थापकांना हे खटकलं, कारण खर्च निम्मा होत नाही. शॉप पाहण्याचा दिवस तसाच लागतो, आणि एकाच दिवसात सकाळ-संध्याकाळ दोन तुकड्या घेणारा प्रशिक्षक फक्त सकाळसाठी आला तरी पुष्कळदा पूर्ण दिवसाचेच पैसे मागतो. दोन तुकड्या वेगवेगळ्या महिन्यांत घेतल्या, तर त्याचे दिवस तिनाचे पाच होतात: ३६,००० रुपये जास्त आणि प्रवासाच्या आणखी दोन खेपा. त्यांनी प्रशिक्षकाला फोन करून अर्ध्या दिवसाचा दर ठरवून घेतला, पूर्ण दराच्या साठ टक्के, म्हणजे १०,८००. चार अर्ध्या दिवसांचे ४३,२०० आणि शॉप पाहण्याचे १८,०००, एकूण ६१,२००. मानधनात वाढ ७,२०० रुपयांची आणि प्रवासाची ३,०००. हा सुधारित हिशेब घेऊन ते परत गेले.

तेव्हा बाईंनी कारण सांगितलं. दोन्ही तुकड्या एकदम शिकवल्या आणि पुढच्या महिन्यात रिजेक्शन उतरलं, तर श्रेय कुणाचं हे सांगता येणार नाही. मेंटेनन्सने त्याच महिन्यात इन्सर्टचं वेळापत्रक बदललेलं असेल, हवा थंड झालेली असेल, नवा माल चांगला आलेला असेल. एक शिफ्ट शिकलेली आणि दुसरी न शिकलेली, मशीन तीच, माल तोच. तीस दिवस दोन्हींचे नग वेगळे मोजले, तर फरक कशाचा ते कळेल. उपव्यवस्थापकांनी दोन लाल पेट्या मागवल्या, एकीवर पांढऱ्या रंगाने १ लिहिलं, दुसरीवर २, आणि प्रॉडक्शन प्रमुखांकडे पहिल्या मंगळवारची सही घ्यायला गेले.